कुकरच्या शिट्टीपर्यंतचं मिनिट

चि. सायलीस,


पुरणपोळीच्या व्हिडिओसाठी मिक्सरच्या कंपनीने पैसे देऊ केले आहेत आणि जाहिरात मध्येच हवी अशी अट घातली आहे, हे तू फोनवर सांगितलंस. तू पाठवलेला कच्चा व्हिडिओ दोनदा पाहिला. चौदा मिनिटांचा आहे आणि जाहिरात तू नवव्या मिनिटाला घातली आहेस. ‘आता पोळी फुटू नये म्हणून काय करायचं ते सांगते, पण त्याआधी...’ असं म्हणून. ती जागा बदल.

लोक तुझ्याकडे आलेत ते पोळी का फुटते हे कळावं म्हणून, तेच तू मथळ्यात लिहिलं आहेस. उत्तर ओठांवर आणून मध्ये हात आडवा धरलास, तर माणूस मिनिटभर थांबेलही, पण चिडून थांबेल.

तुझ्या व्हिडिओत जाहिरातीची जागा आपसूक तयार झालेली आहे. तीन मिनिटं वीस सेकंदांनी तू डाळ कुकरला लावतेस. त्याआधी डाळ किती भिजवायची, पाणी किती, हे सांगून झालेलं असतं, म्हणजे पाहणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलेलं असतं. शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातही आपण दुसरं काम हातात घेतोच. तेव्हा कटाच्या आमटीचं वाटण काढ. भाजलेलं सुकं खोबरं नि जिरं त्याच मिक्सरमध्ये वाट. जाहिरात झाली आणि पाककृतीही एक पायरी पुढे गेली. मिनिट संपलं की थेट कुकरचं झाकण उघड.

पुरण मात्र त्या मिक्सरमध्ये वाटू नकोस, कंपनीने कितीही आग्रह केला तरी. तू पुरणयंत्रातून काढतेस, हे तुझ्या जुन्या प्रेक्षकांनी पाहिलं आहे. पैसे आले म्हणून हत्यार बदललं, हे बायकांच्या चटकन लक्षात येतं.

हे मी अनुभवाने सांगते. स्थानिक केबलवर मी पदार्थ दाखवायचे, तेव्हा एका तेलाबद्दल ‘माझ्या घरीही हेच’ असं बोलून गेले. घरी घाण्याचं तेल होतं. आठवड्याने शेजारच्या काकू वाटीभर तेल मागायला आल्या, डबा पाहिला आणि नुसत्या हसल्या. त्यानंतर मी मिठाचं प्रमाण सांगितलं तरी त्या ‘खरंच का गं?’ विचारायच्या. तेलाचं खोटं मिठाला लागलं.

म्हणून पहिलंच वाक्य सरळ ठेव: ‘पुढचं एक मिनिट जाहिरात आहे, या कंपनीने मला पैसे दिले आहेत.’ कंपनीने पाठवलेले आठ मुद्दे वाचून दाखवू नकोस. तू स्वतः करून पाहिलेले दोन घे आणि एक उणीवही सांग. छोट्या भांड्यात वाटण फार थोडं असलं की पात्याला लागत नाही, हे तूच मला म्हणाली होतीस, ते बोल. कंपनीशी आधीच लेखी ठरव, की चुकीची माहिती त्यांनी दुरुस्त करावी, पण तुझं मत त्यांनी बदलायचं नाही.

नियमही सांभाळ. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत वस्तूबद्दल बोलणं चालू असेल तेवढा सगळा वेळ पडद्यावर ‘जाहिरात’ अशी पाटी दिसली पाहिजे. मिक्सर फुकट मिळाला असता तरी हेच लागू. यूट्यूबवर चढवताना पैसे घेतल्याची खूण करायची असते, तीही कर. पण त्याने सुरुवातीला दहाच सेकंद सूचना दिसते, तेव्हा तुझी पाटी वेगळी लागेलच. वर्णनात वेळाही लिही, म्हणजे ज्याला नको त्याला पुढे जाता येईल:

```
00:00 डाळ भिजवणे
03:30 जाहिरात: आमटीचं वाटण
04:30 पुरण शिजवणे
09:00 पोळी का फुटते
```

पुढे गेलेला माणूस पोळीपर्यंत तरी येतो, कंटाळून बंद केलेला येत नाही. व्हिडिओ लावल्यावर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक किती टिकले हे दाखवणारा आलेख बघ. जाहिरातीपाशी रेघ खाली जाऊन साडेचार मिनिटांशी पुन्हा वर आली, तर लोकांनी फक्त ते मिनिट ओलांडलं, त्याची काळजी नको. खाली गेलेली रेघ खालीच राहिली, तर ते उठून गेले. अशा वेळी तुझ्या जाहिरात नसलेल्या व्हिडिओचा आलेख शेजारी ठेवून बघ, कारण थोडी गळती तिथेही असतेच.

पाटी लावायला किंवा उणीव सांगायला कंपनी नाही म्हणाली, तर पैसे नाकार आणि आमटीचं वाटण पाट्यावर काढ. पाटा माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
मावशी