व्हिडिओच्या आरंभीची वाक्ये

लातूर-नांदेडकडे पेरणीपूर्वी दाखवावयाच्या सोयाबीनवरील व्हिडिओची संहिता पुष्कळदा परिपत्रकासारखी सुरू होते : "सर्व शेतकरी बांधवांना सूचित करण्यात येते की, घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासूनच पेरणी करण्यात यावी." यात काम कोणी व कसे करावयाचे, हे 'करण्यात यावी' या शब्दांआड दडून राहते. वाचणारा मागची ओळ पुन्हा पाहतो. ऐकणारा सहसा थांबत नाही.

हेच असे सांगता येईल : "घरचंच सोयाबीन पेरणार ना? मग पोत्यातले शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट वाळू देऊ नका. आठवड्यानं उघडून मोजा. सत्तर उगवले, तर एकरी तीस किलो पुरे. कमी उगवले, तर बियाणं वाढवावं लागेल."

येथे एका वाक्यात एकदोनच कामे आहेत; आकडे मात्र एकही गळलेले नाहीत. केवळ 'बियाणे'चे 'बियाणं' करून किंवा शेवटी 'बरं का' जोडून परिपत्रक बोलके होत नाही. संहिता मिटून तोच मजकूर शेजाऱ्यास तोंडी सांगावा. जेथे जीभ अडखळेल, ते वाक्य तोडावे. बोलणारा परगावचा असल्यास त्याने मराठवाडी बोलीची नक्कल करू नये; ती लगेच ओळखू येते.