प्रसिद्धीच्या रीलमधील गाणे आणि छायाचित्र : परवानगी कोणाची?

मागील घटकात आपण छोट्या व्यवसायाच्या जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा, याचा विचार केला. शब्द आपले स्वतःचे असल्याने तेथे मालकीचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु आज शहापूर किंवा मुरबाड येथील एखादा नृत्यवर्ग पत्रके वाटण्याऐवजी मोबाइलवर तीस-चाळीस सेकंदांची रील तयार करतो. त्या रीलमध्ये शब्द थोडे असतात. गाणे आणि चित्रे मात्र बहुधा दुसऱ्याची असतात. म्हणून उपयोजित मराठीच्या विद्यार्थ्याला स्वामित्वहक्काची, म्हणजे रोजच्या बोलण्यातील कॉपीराइटची, नेमकी ओळख असणे आवश्यक आहे.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मुरबाड येथे भाड्याच्या एका खोलीत नृत्यवर्ग चालतो. आठवड्यातील दोन दिवस त्याच शिक्षिका शहापूरलाही शिकवतात. उन्हाळी सुटीच्या प्रवेशासाठी त्यांनी एक रील केली. त्यात मुली एका जुन्या चित्रपटातील लावणीवर नाचतात, मागे माळशेज घाटातील धबधब्याचे छायाचित्र येते आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक दिसतो. चार दिवसांनी रीलचा आवाज बंद झाला. नाच दिसतो, पण गाणे ऐकू येत नाही. प्रवेशाचा हंगाम जेमतेम महिन्याभराचा असतो, त्यामुळे हे नुकसान किरकोळ नाही. अशा वेळी शिक्षिका साधारणतः असे म्हणतात : गाणे साठ वर्षांहून जुने आहे, आम्ही फक्त तीस सेकंद वापरले आणि खाली गायिकेचे नावही दिले. या तिन्ही विधानांची तपासणी करू.

एका गाण्यातील तीन हक्क

ज्याला आपण ‘गाणे’ म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत मुद्रित झालेला आवाज हे ध्वनिमुद्रण, अशा तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांचे मालक वेगवेगळे असू शकतात आणि मुदतीही वेगवेगळ्या असतात. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असतो.

आपल्या उदाहरणातील लावणी ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातील बुगडीची लावणी आहे, असे समजू. १९५९ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०१९ च्या अखेरीस संपते. ‘साठ वर्षांहून जुने’ हे विधान येथपर्यंत बरोबर आहे. परंतु या लावणीचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे आहेत. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. चालीसाठी संगीतकार वसंत पवार यांच्या मृत्यूच्या वर्षापासून वेगळा हिशेब करावा लागेल. एका हक्काचे कुलूप उघडले म्हणून बाकीची दोन आपोआप उघडत नाहीत. शिवाय बाजारात मिळणारी प्रत पुढील काळातील एखाद्या नव्या गायिकेच्या आवाजातील असेल, तर ध्वनिमुद्रणाची मुदतही नव्याने मोजावी लागते. जुने गाणे वापरताना ‘हे गाणे कोणत्या वर्षाचे?’ एवढेच न विचारता ‘हे मुद्रण कोणत्या वर्षाचे, शब्द कोणाचे, चाल कोणाची?’ असे तीन प्रश्न विचारावेत.

‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हा समज सर्वत्र आढळतो. अधिनियमात सेकंदांची अशी कोणतीही मर्यादा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्यातील वादात अत्यल्प वापर क्षुल्लक ठरवला, हे खरे. परंतु तो निर्णय सेकंद मोजून झालेला नाही. हानी किती, हेतू कोणता अशा अनेक बाबी तेथे तोलल्या गेल्या. रीलमध्ये तर गाण्याचा सर्वांत ओळखीचा तुकडाच आरंभापासून शेवटपर्यंत वाजतो आणि त्याच्या बळावर विद्यार्थी मिळवायचे असतात. अशा वापराला क्षुल्लक म्हणणे कठीण आहे.

श्रेय देण्याविषयी मराठी लेखकाने विशेष सावध असावे. ‘साभार’ हा आपल्याकडील सभ्य शब्द आहे, पण तो कृतज्ञता व्यक्त करतो, परवानगीचा पुरावा होत नाही. ‘छायाचित्र इंटरनेटवरून साभार’ असे लिहिणारा खरे तर मालक कोण हे आपल्याला ठाऊक नसल्याची कबुलीच देत असतो.

आणखी एक गैरसमज ग्रामीण भागात हळदी-लग्नांमुळे रुजला आहे. विवाहविधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजवणे अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. त्यावरून ‘हळदीत चालते तर रीलमध्ये का नाही?’ असे विचारले जाते. ही सवलत त्या समारंभातील सादरीकरणापुरती आहे. त्याच नाचाचे चित्रण पुढे वर्गाची जाहिरात म्हणून वापरले, की सवलत मागेच राहते. वार्षिक स्नेहसंमेलनासाठी सभागृहात गाणी वाजवण्याचा परवाना घेतला असला, तरी चित्रफितीला गाणे जोडण्याची परवानगी त्यात नसते. ती ध्वनिमुद्रणाच्या आणि शब्द-चालीच्या मालकांकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि छोट्या वर्गाला ती सहसा परवडत नाही.

माध्यमाचे संगीतभांडार

इन्स्टाग्रामवर गाण्यांचे भांडार उपलब्ध असते, मग अडचण कोठे येते? ते भांडार मुख्यतः वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी दिलेले असते. खाते ‘बिझनेस’ प्रकारचे केले की त्यातील बरीच लोकप्रिय गाणी दिसेनाशी होतात. यावर काही जण खाते पुन्हा वैयक्तिक करून घेतात. गाणी परत दिसू लागतात, पण रीलचा हेतू जाहिरातीचाच राहतो. म्हणजे नियम पाळला गेला नाही, फक्त अडथळा बाजूला सारला गेला. व्यावसायिक वापरासाठी त्याच कंपनीचे ‘मेटा साउंड कलेक्शन’ आणि यूट्यूबचे ‘ऑडिओ लायब्ररी’ हे संग्रह आहेत. एका ठिकाणचे संगीत दुसऱ्या माध्यमावर वापरण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

इतर संकेतस्थळांवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याचे संगीत मिळते. तेथे अक्षरे नीट पाहावीत. CC BY असेल तर कर्त्याचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करून वापरता येते. NC असेल तर प्रवेशाची जाहिरात त्यात बसत नाही. ND असेल तर संगीत जसेच्या तसे ठेवले तरी रीलमध्ये वापरता येत नाही, कारण हलत्या चित्राशी संगीत जुळवणे म्हणजे रूपांतर, असे या परवान्यातच म्हटले आहे. नृत्याच्या रीलला हीच अट नेमकी आडवी येते. वापराच्या दिवशी परवान्याच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. ते पान पुढे बदलले, तर आपल्याजवळ पुरावा राहतो.

यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम बहुधा यंत्रणेने गाणे ओळखल्यामुळे येतो आणि त्याचा परिणाम सहसा त्या चित्रफितीपुरता राहतो. स्ट्राइक ही मालकाच्या तक्रारीनंतरची कारवाई आहे. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले, तर वाहिनी बंद होऊ शकते. मुदत संपलेल्या मुद्रणावरही यंत्रणा क्लेम लावू शकते. तेव्हा हरकत घ्यावी, पण तिन्ही हक्कांचा हिशेब हाती असेल तेव्हाच.

आपले गाणे आपण मुद्रित करणे

आपल्या उदाहरणातील शिक्षिकांनी लावणीऐवजी बहिणाबाई चौधरींची एक कविता निवडली. बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या कविता १९५२ मध्ये प्रथम पुस्तकरूपाने आल्या. कर्त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, तर प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९५२ मध्ये प्रथम छापलेल्या कवितांचे शब्द २०१३ च्या आरंभापासून मुक्त आहेत. पुढील संगीतकारांनी त्यांना दिलेल्या चाली मात्र मुक्त झालेल्या असतीलच असे नाही. शिक्षिकांनी नवी चाल बसवली, एका मुलीच्या आईने ती गायली आणि गावातील ढोलकीवादकाने साथ केली. मोबाइलवर पंखा बंद करून, खिडक्यांना चादरी लावून मुद्रण झाले.

ठाकर-कातकरी पाड्यांवरील पारंपरिक गीतांबाबतही हीच पद्धत उपयोगी पडते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या निनावी गीतावर कोणा एकाचा स्वामित्वहक्क नसतो. परंतु ते आपल्यासमोर गाणाऱ्या बाईचा ‘प्रयोगकर्ता’ म्हणून स्वतंत्र हक्क असतो. तिच्या संमतीवाचून गाणे मुद्रित करता येत नाही आणि प्रसारितही करता येत नाही. लोकगीत सर्वांचे आहे, असे म्हणून गाणारीला काहीच न विचारणे ही आपल्या क्षेत्रकार्यातील जुनी खोड आहे. कायद्याच्या आधी ती शिष्टाचारातच बसत नाही.

परवानगी लेखी घ्यावी. तिच्यातील दोन गोष्टी विसरल्या जातात. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो. प्रदेश लिहिला नाही, तर परवानगी भारतापुरती मानली जाते, आणि रील तर दुबईतल्या मामालाही दिसते. पुढील नमुना पाहा :

*‘मी, खाली सही करणारी, दि. … रोजी मुरबाड येथे गायलेल्या … या गीताचे ध्वनिमुद्रण … नृत्यवर्गाने आपल्या प्रसिद्धीच्या चित्रफितींमध्ये, सर्व समाजमाध्यमांवर, भारतात व भारताबाहेर, दहा वर्षांपर्यंत वापरावे यास संमती देते. यापोटी मला रु. … मिळाले. प्रत्येक चित्रफितीसोबत माझे नाव द्यावे. इतर कोणास हे मुद्रण द्यावयाचे झाल्यास माझी पुन्हा परवानगी घ्यावी.’*

सही करणाऱ्या व्यक्तीला वाचता येत नसेल, तर मजकूर तिच्या बोलीत समजावून सांगावा आणि तसे सांगितल्याची नोंद साक्षीदाराच्या सहीसह खाली करावी.

छायाचित्रे

धबधबा कोणाच्याही मालकीचा नाही, त्याचे छायाचित्र मात्र काढणाऱ्याचे असते आणि त्यावरील हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. येथील सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात स्वतः घाटात जाऊन छायाचित्र काढणे. वर्गाने पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर छायाचित्रांचा पहिला मालक वर्ग ठरतो. मित्राने हौसेखातर फुकट काढलेली छायाचित्रे त्या मित्राचीच राहतात. अनेकांना हे उलटे वाटते. भिंतीवर वारली शैलीत स्वतः रेखाटन करण्यास हरकत नाही, पण एखाद्या कलावंताचे विशिष्ट चित्र मोबाइलवरून उतरवून पार्श्वभूमीला लावणे ही नक्कलच होय. मुलींच्या छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. तो विषय स्वामित्वहक्काचा नसून खाजगीपणाचा आहे, परंतु प्रवेशअर्जातच त्यासाठी एक ओळ ठेवता येते.

स्वाध्याय

१. शहापूर येथील एका वर्गाला १९६२ मध्ये प्रकाशित झालेले एक भावगीत वापरायचे आहे. कवी १९५८ मध्ये आणि संगीतकार १९९० मध्ये निवर्तले. कविता कवीच्या हयातीत छापून आली होती. तिन्ही हक्कांच्या मुदती काढा आणि यातील कोणता भाग आज परवानगीवाचून वापरता येईल ते लिहा.

२. तुमच्या गावातील ढोलकीवादकासाठी वरील नमुन्याच्या आधारे संमतिपत्र तयार करा. मोबदला, मुदत आणि प्रदेश यांविषयी त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून मगच रिकाम्या जागा भरा.