डाळिंबाचा सरासरी खरेदी भाव: फॉर्म्युला बरोबर, तरी उत्तर का चुकतं?

इंदापूर-बारामती भागात डाळिंबाची खरेदी-विक्री करायची म्हटलं, की एकाच दिवशी तीन-चार प्रतींचा माल वेगवेगळ्या भावानं घ्यावा लागतो. मग विकताना प्रश्न येतो: किलोला आपल्याला माल पडला कितीला? व्हिडिओत दाखवलेलं उदाहरण इथे सावकाश पाहू. आकडे फक्त हिशेबापुरते धरलेत.

| | A: प्रत | B: वजन (किलो) | C: भाव (रु.) |
|---|---|---|---|
| 2 | मोठा | 200 | 120 |
| 3 | मध्यम | 500 | 80 |
| 4 | लहान | 300 | 50 |

तिन्ही भावांची साधी सरासरी ८३.३३ येते, पण ती कामाची नाही, कारण तिन्हींचं वजन सारखं नाही. एकूण पैसे भागिले एकूण किलो असंच करायचं. पैसे ७९,००० आणि माल १,००० किलो, म्हणजे भाव पडला ७९ रुपये. शीटमध्ये फॉर्म्युला असा:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

चूक पहिली: वजन दिसतं आकडा, असतं मजकूर

समजा B2 मधला 200 व्हॉट्सॲपवरच्या बिलातून कॉपी केला आणि त्याच्यामागे एक स्पेस आली, किंवा तो सेल आधीपासून टेक्स्ट फॉरमॅटमध्ये होता. डोळ्यांना 200 च दिसतो, पण शीटच्या लेखी तो शब्द आहे. वरचा फॉर्म्युला एरर देत नाही. `SUMPRODUCT` त्या मजकुराला शून्य धरतो आणि `SUM` त्याला वगळतो. म्हणजे मोठ्या डाळिंबाची अख्खी ओळच हिशेबातून गेली. ५५,००० भागिले ८००, उत्तर ६८.७५.

आता ७५ रुपयांना गिऱ्हाईक आलं, तर तुम्हाला वाटेल किलोमागे सव्वासहा रुपये सुटले. प्रत्यक्षात किलोमागे चार रुपये तोटा, म्हणजे हजार किलोला ४,००० रुपये खिशातून गेले. हमाली आणि गाडीभाडं वेगळंच.

काहीजण स्वल्पविरामाऐवजी गुणाकाराची खूण वापरतात:

```
=SUMPRODUCT(B2:B4*C2:C4)/SUM(B2:B4)
```

इथे गंमत वेगळी होते. गुणाकार करताना शीट त्या मजकुराचा आकडा करून घेते, म्हणून वरचे ७९,००० बरोबर येतात. खाली `SUM` मात्र ८०० किलोच धरतो. उत्तर ९८.७५. एकच शीट, एकच माल, आणि दोन फॉर्म्युल्यांची दोन चुकीची उत्तरं! दोन्ही उत्तरं ५० ते १२० च्या मधेच आहेत, त्यामुळे नुसतं बघून शंकाही येत नाही.

ओळखायचं कसं? हे दोन फॉर्म्युले शेजारी टाका:

```
=COUNT(B2:B4)
=COUNTA(B2:B4)
```

पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा भरलेले सगळे सेल. इथे 2 आणि 3 येतील. फरक दिसला की एक वजन मजकूर आहे. कोणतं, ते `=ISNUMBER(B2)` सांगेल. शिवाय `=SUM(B2:B4)` काट्याच्या पावतीशी जुळवा. पावतीवर १,००० आणि शीटवर ८०० असेल, तर तिथेच थांबा.

दुरुस्त करताना नुसता फॉरमॅट बदलून नंबर केला, तर आत साठलेला मजकूर तसाच राहतो. आकडे थोडे असतील तर फॉरमॅट बदलून ते पुन्हा टाइप करा. जास्त असतील तर शेजारच्या कॉलममध्ये `=VALUE(TRIM(B2))` लिहून खाली ओढा आणि पुढचा हिशेब त्याच कॉलमवरून करा. आणि सेलमध्ये "200 किलो" असं कधी लिहू नका. किलो हा शब्द कॉलमच्या नावात ठेवा.

चूक दुसरी: टक्क्यांचा घोळ

पुढच्या खरेदीचा अंदाज काढताना आपण B मध्ये किलोऐवजी हिस्सा लिहितो: मोठा 20, मध्यम 50, लहान 30. समजा B2 ला आधीपासून टक्के फॉरमॅट आहे. तिथे 20 टाइप केलं की एक्सेल नेहमीच्या सेटिंगमध्ये ते 20% धरतो, म्हणजे आत साठतं 0.2. खालच्या साध्या सेलमध्ये मात्र 50 आणि 30 च राहतात. वाचताना तिन्ही टक्केच वाटतात, पण उत्तर येतं ६८.८८. मोठं डाळिंब पुन्हा जवळपास गायब!

तिन्ही सेल एकाच पद्धतीचे असतील, तर `SUM` नं भागल्यावर उत्तर ७९ च येतं, मग ते 20-50-30 असोत की 20%-50%-30%. म्हणून "टक्केच आहेत, भागायचं कशाला" असं म्हणून तो भाग गाळू नका. गाळलात तर साध्या आकड्यांवर ७,९०० येईल. तपासणी सोपी आहे: हिस्स्यांची बेरीज 100 किंवा 100% यायला हवी. साध्या सेलमध्ये बेरीज 1 दिसली तरी चालेल, ती 100% च आहे. आपल्या उदाहरणात ती 80.2 येते, म्हणजे कुठेतरी पद्धत मिसळली आहे.

आजच्या बिलाची शीट उघडा, वजनाच्या कॉलमखाली `COUNT`, `COUNTA` आणि `SUM` हे तीन सेल कायमचे करून ठेवा, आणि ते जुळल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगू नका.