अँटिबायोटिकचे जुलाब आणि घरचे केफिर

पवनीहून एका वाचकाने विचारले आहे: वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे, नागपूरला केमो सुरू आहे. छातीत कफ झाला म्हणून अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलानेट दिले आणि तिसऱ्या दिवसापासून दिवसातून पाच-सहा वेळा पातळ संडास. नात्यातल्या कोणीतरी केफिरचे दाणे आणून दिलेत. द्यावे का?

तुमच्या वडिलांना नको.

अँटिबायोटिक रोगजंतूंसोबत आतड्यातले उपयोगी जंतूही मारते, म्हणून पोट सुटते. केफिरमध्ये जिवंत जंतू आणि यीस्ट दोन्ही असतात. धडधाकट माणसाचे शरीर ते आतड्यातच रोखते. केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या आणि आतड्याचे अस्तर सोलवटले, की तेच यीस्ट रक्तात शिरू शकते. औषधाच्या दुकानातली सॅकरोमायसिस बुलार्डीची पुडीही यातलीच. छातीतल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ ती फोडली, तर हाताला लागलेली भुकटी नळीवाटे रक्तात गेल्याची उदाहरणे आहेत. पुडी शेजारच्या रुग्णाची असली तरी धोका तोच.

अवयव प्रत्यारोपण झालेले, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणारे, सीडी-फोर खूप उतरलेले एचआयव्ही रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांनीही केफिर आणि अशी पुडी टाळायची. आपल्या भंडाऱ्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची पांथरी लहानपणीच निकामी होऊ शकते, तेव्हा त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

वडिलांना ओआरएस द्या: पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. संडास थांबवायची गोळी स्वतःहून नको. केमोच्या डॉक्टरांना आजच फोन करा; क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी लागू शकते. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला किंवा संडासात रक्त दिसले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

बाकीच्या वाचकांनी केफिरवर फार भरवसा ठेवू नये. अँटिबायोटिक घेणाऱ्या लहान मुलांवर अमेरिकेत झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केफिरने जुलाब लक्षणीय कमी झाले नाहीत. उलट २००७ च्या ब्रिटिश चाचणीत, इस्पितळातल्या वयस्कर रुग्णांना ठरावीक लॅक्टोबॅसिलसचे पेय अँटिबायोटिकसोबतच सुरू करून नंतर आठवडाभर दिले, तेव्हा फायदा दिसला. म्हणजे कोणता जंतू, किती आणि कधीपासून, यावर सगळे ठरते. घरच्या केफिरमध्ये ते कळत नाही.

प्रकृती ठणठणीत असेल तर उकळलेल्या दुधाचे ताजे दही किंवा ताक चालेल. कढी केली की मात्र जंतू मरतात. आणि डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर गोळी आणि ताक यांत दोन-तीन तास जाऊ द्या. दुधातले कॅल्शियम गोळीला धरून ठेवते, आणि औषधाचा काही भाग अंगी न लागता संडासावाटे निघून जातो.