पुन्हा शिवलेल्या चटयांचा खर्च कुठे टाकायचा?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक चटयांचा कारखाना आहे. धुळ्याच्या ५०० चटयांच्या ऑर्डरीत २० चटयांची किनार उसवून पुन्हा शिवावी लागली. खर्च कुणाच्या नावे टाकायचा?

उत्तर : आधी कारण पाहा. समजा, पट्टी व मजुरी मिळून चटईमागे ३५ रुपये, म्हणजे ७०० रुपये लागले. गिऱ्हाइकाने मागितलेल्या खास रुंद किनारीमुळे दोष आला असेल, तर ते त्याच जॉबवर टाका : जॉबचा मूळ खर्च १,००,००० रुपये असेल, तर तो १,००,७०० होईल, चटई २०० ऐवजी २०१.४० रुपयांना पडेल. असे दोष सगळ्याच ऑर्डरींत थोडेफार निघत असतील, तर रक्कम कारखान्याच्या सामाईक खर्चात घ्या. या जॉबचा दर २०० च राहील. मात्र सामाईक खर्चाचा दर ठरवताना दुरुस्ती आधीच धरलेली असेल, तर जॉबवर वेगळी टाकू नका. खर्च दोनदा लागेल.