किंमत ठरवण्याच्या तीन पद्धती : पोळीच्या उदाहरणातून



मी प्राथमिकची शिक्षिका, त्यामुळे वाणिज्य हा काही माझा विषय नाही. पण भाची पहिल्या वर्षाला आहे आणि मागच्या आठवड्यात ती किंमत निर्धारणाचा धडा घेऊन आली. तिन्ही पद्धतींच्या व्याख्या पाठ होत्या, गणित मात्र चुकत होतं. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, बचत गटातल्या बायकांबरोबर पोळ्या करून विकते. म्हटलं, उदाहरण घरातच आहे, पुस्तक जरा बाजूला ठेवू. आकडे सोपे पडावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

गट महिन्याला 12,000 पोळ्या करतो. एका पोळीला कणीक 1.60 रुपये, तेल आणि गॅस 60 पैसे, पिशवी 30 पैसे आणि लाटणाऱ्या बाईची मजुरी 1.50 रुपये. झाले 4 रुपये. हा बदलता खर्च, पोळी केली तरच होणारा. गाळ्याचं भाडं, वीज वगैरे मिळून महिन्याला 12,000 रुपये जातात. हा स्थिर खर्च, एकही पोळी नाही केली तरी द्यावाच लागतो. तो 12,000 पोळ्यांवर वाटला की पोळीमागे 1 रुपया. म्हणजे एकूण खर्च 5 रुपये.

खर्चाधारित किंमत

खर्चात ठरलेला नफा मिळवायचा, की झाली किंमत. खर्चावर 40 टक्के नफा धरला तर 5 + 2 = 7 रुपये. वहिनी बरेच दिवस याच भावाने विकत होती.

परीक्षेत पहिली चूक इथेच होते. प्रश्नात "खर्चावर 40 टक्के" आहे की "विक्री किमतीवर 40 टक्के", हे मुलं नीट वाचत नाहीत. पहिल्याला मार्कअप म्हणतात, दुसऱ्याला मार्जिन. विक्री किमतीवर 40 टक्के नफा हवा असेल तर खर्च हा किमतीचा 60 टक्के भाग झाला. म्हणून 5 ÷ 0.60 = 8.33 रुपये. भाचीने दोन्ही ठिकाणी 7 लिहिलं होतं. ताळा सोपा आहे : 7 रुपयांत 2 रुपये नफा म्हणजे विक्रीच्या साधारण साडेअठ्ठावीस टक्केच, 40 नाही.

या पद्धतीतली खरी गोम मात्र वेगळीच आहे. पोळीमागचा 1 रुपया स्थिर खर्च आपण 12,000 पोळ्या खपतील असं धरून काढला. समजा सुट्टीत मुलं गावी गेली आणि 6,000 च खपल्या. आता स्थिर खर्च पोळीमागे 2 रुपये, एकूण खर्च 6, आणि 40 टक्के मिळवले की किंमत 8.40. म्हणजे गिऱ्हाईक कमी झालं म्हणून आपण भाव वाढवला! भाव वाढला की गिऱ्हाईक आणखी कमी, मग खर्च आणखी जास्त. किंमत ठरवायला खप माहीत हवा, आणि खप तर किमतीवरच अवलंबून. हे चक्र भाचीला वहीत काढून दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

स्पर्धाधारित किंमत

आजूबाजूची पोळी-भाजी केंद्रं 8 रुपयांना पोळी देतात. मग आपणही 8 लावायचे. हिशेब एका मिनिटाचा, आणि पोळी साधारण सारखीच असेल तर गिऱ्हाईकही कुरकुर करत नाही. गटाला 7 च्या जागी 8 मिळाले, म्हणजे आधीची पद्धत पोळीमागे 1 रुपया सोडून देत होती.

पण शेजाऱ्याचा भाव दिसतो, त्याचा खर्च दिसत नाही. त्याचा गाळा स्वतःचा असेल तर भाडं नाही. उद्या त्याने 7 केले म्हणून आपणही करायचे का? 8 रुपयांत बदलता खर्च वजा जाता पोळीमागे 4 रुपये राहतात, 12,000 पोळ्यांचे 48,000. 7 रुपयांत 3 च राहतात, म्हणून तेच 48,000 मिळवायला 16,000 पोळ्या विकाव्या लागतील. भाव एक रुपयाने उतरला आणि काम एक तृतीयांशाने वाढलं! लाटणारे हात तेवढेच.

मूल्याधारित किंमत

इथे प्रश्नच वेगळा : आपली पोळी घेतल्याने गिऱ्हाइकाचे किती पैसे वाचतात? पुष्कळ मुलं "चांगला माल, म्हणून जास्त किंमत" असं लिहितात. त्याला अर्धेच गुण मिळतील. इथेही गणित आहे.

एक खाणावळवाले काका दुसऱ्या केंद्राकडून रोज 300 पोळ्या 8 रुपयांनी घेतात. सगळ्या सकाळी एकदमच येतात. रात्रीपर्यंत 50 पोळ्या वातड होतात आणि फेकाव्या लागतात. म्हणजे 2,400 रुपयांत वापरात आल्या 250. 2,400 ÷ 250 = 9.60 रुपये. काकांना खाण्याजोगी पोळी 8 ला नाही, 9.60 ला पडते.

गट सकाळ-संध्याकाळ दोनदा ताज्या पोळ्या देतो, म्हणून 250 पुरतात. पण संध्याकाळच्या पोळ्या न्यायला काकांना मुलगा पाठवावा लागतो, त्याचा खर्च रोज 50 रुपये, पोळीमागे 20 पैसे. हा आपल्याकडचा उणेपणा, तो वजा करायलाच हवा. पुष्कळ उत्तरांत हीच पायरी राहून जाते. 9.60 − 0.20 = 9.40. ही काकांसाठीची कमाल मर्यादा.

मग 9.40 च लावायचे? नाही. तेवढ्याला काकांचा काहीच फायदा नाही, ते जुना माणूस कशाला सोडतील? किंमत 8 आणि 9.40 च्या मध्ये कुठेतरी ठेवायची. 8.75 लावली तर काकांचे पोळीमागे 65 पैसे, म्हणजे रोज 162.50 रुपये वाचतात, आणि गटाला 5 रुपये खर्चावर 3.75 मिळतात.

अडचण एवढीच की "50 पोळ्या वाया जातात" हे गटाच्या वहीत कुठेच नसतं. ते काकांना विचारावं लागतं, जमलं तर दोन-तीन दिवस त्यांच्याकडेच मोजावं लागतं. शिवाय ही किंमत काकांपुरतीच. दुपारी चार पोळ्या नेऊन लगेच खाणाऱ्या घराचं काहीच वाया जात नाही. त्यांना 8.75 सांगितले तर ते शेजारच्या केंद्रात जातील.

परीक्षेत तिन्हींची तुलना विचारली तर मी भाचीला असं लिहायला सांगितलं : खर्च सांगतो कुठल्या भावाखाली उतरायचं नाही (इथे 5, आणि थोडे दिवस तग धरायचा असेल तर निदान बदलत्या खर्चाचे 4), स्पर्धा सांगते गिऱ्हाइकापुढे दुसरा पर्याय कितीला आहे (8), आणि मूल्य सांगतं वर कुठपर्यंत जाता येईल (9.40). आकडे घालून लिहिलं की तपासणाऱ्यालाही कळतं, पाठांतर नाही म्हणून.

सरावासाठी

दुसरी खाणावळ रोज 200 पोळ्या 8 रुपयांनी घेते. त्यांच्याकडे फक्त दुपारचं जेवण असतं, एकही पोळी वाया जात नाही. गटाकडून घेतल्यास त्यांनाही मुलगा पाठवायचे रोज 50 रुपये पडतील. कमाल किंमत किती? विक्री करावी का?

उत्तर : वाया काही जात नाही, म्हणून सुरुवात 8 पासूनच. 50 ÷ 200 = 25 पैसे वजा. कमाल 7.75 रुपये, म्हणजे बाजारभावाच्याही खाली. पण खर्च 5 आहे, म्हणून 7.50 ला सुद्धा पोळीमागे 2.50 सुटतात. हात रिकामे असतील तर ऑर्डर घ्यावी. 8 रुपयांची गिऱ्हाइकं परत पाठवावी लागत असतील तर घेऊ नये.