अभिनंदनाचा अनौपचारिक संदेश आणि इमोजींचे प्रयोजन

प्रास्ताविक

समोरासमोर अभिनंदन करताना आपण केवळ शब्द उच्चारत नाही. आवाज चढतो, चेहरा खुलतो, हात पुढे होतो. भाषाविज्ञानात या घटकांना भाषेतर घटक म्हणतात. लिखित संदेशात ते गळून पडतात आणि त्यांची उणीव काही अंशी इमोजी भरून काढतात. म्हणून इमोजीची कसोटी सोपी आहे. प्रत्यक्ष भेटीत त्या वाक्याला जो हावभाव सहज साथ देईल, त्याच्या जागी ते चिन्ह आले असेल तर ते आनंदाचे वाटते. जो हावभाव आपण कधी केलाच नसता, त्याचे चिन्ह दिखाऊ वाटते.

उदाहरण

नाशिकमधील एका तरुणाच्या मामेबहिणीची महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून नायब तहसीलदार पदासाठी शिफारस झाली, अशी कल्पना करू. ती त्याच्याहून मोठी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तो लिहितो :

हार्दिक अभिनंदन तहसीलदार मॅडम!!! 👑🏆🔥🔥💪 सगळ्यांना मागे टाकलंस! घराण्याची शान! 💐💐💐🙏🙏🙏

या संदेशात तीन दोष दिसतात.

पहिला दोष तपशिलाचा. नायब तहसीलदार आणि तहसीलदार ही दोन वेगळी पदे आहेत. कौतुकाच्या भरात पद वाढवले, तर वाचणारीला संकोच वाटतो व ते दुरुस्त करण्याचे काम तिच्यावरच येते. टप्प्याबाबतही अशीच काळजी घ्यावी. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे परीक्षेचे टप्पे असतात व पूर्व परीक्षेचे गुण अंतिम निकालात धरले जात नाहीत. केवळ पूर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला ‘अधिकारी झालीस’ असे लिहिणे तिच्यावरील ओझे वाढवणारे ठरते.

दुसरा दोष चिन्हांच्या अर्थाचा. मुकुट, चषक आणि ज्वाला ही चिन्हे इतरांवर मिळवलेल्या विजयाची आहेत. त्याच गटावर यंदा यादीत नाव न आलेला चुलतभाऊ असेल, तर त्याला या चिन्हांत स्वतःची हार दिसेल. तसेच 💐 आणि 🙏 ही चिन्हे मराठी गटांवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खालीही सर्रास येतात. त्यांची रांग लागली की आनंदाचा विशिष्ट अर्थ उरत नाही. हजेरी लावल्याचा भास होतो.

तिसरा दोष संबोधनाचा. मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस ही नाती शब्दांनी वेगळी दाखवतात. पण हाक मारताना हा भेद गळतो आणि मोठी बहीण ‘ताई’च होते. ‘मॅडम’ म्हटल्याने चेष्टेतही अंतर निर्माण होते.

पुनर्लेखन

ताई, यादीत तुझं नाव दोनदा वाचलं आणि मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं 😄 नायब तहसीलदार! मनापासून अभिनंदन 🎉 रविवारी येतोय. मामीला सांग, माझ्या वाट्याचे पेढे बाजूला ठेव 😋

येथे तीनच चिन्हे आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे काम आहे. पहिले नाव वाचतानाचे हसू दाखवते, दुसरे अभिनंदनाच्या उद्गाराला साथ देते आणि तिसरे पेढ्यांची मागणी थट्टेची असल्याचे सुचवते. चिन्हे काढून वाचली तरी वाक्ये पूर्ण राहतात. आनंद शब्दांत आधीच आलेला असल्यामुळे चिन्हांना तो निर्माण करावा लागत नाही. मोबाइलवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधेचा वापर करणाऱ्या अंध वाचकांसाठीही हे सोयीचे आहे; कारण ती सुविधा प्रत्येक चिन्हाचे नाव उच्चारते आणि लांब रांगेत मूळ वाक्य हरवते.

गटावरील आणि खाजगी संदेश

काही वाक्ये मात्र गटावर लिहू नयेत. उदाहरणार्थ :

मागच्या वेळी मुलाखतीनंतर नाव आलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तू अभ्यासिकेत होतीस. ते मी विसरलेलो नाही.

हे वाक्य तिला एकटीला पाठवले तर सर्वांत मोलाचे ठरेल. चारचौघांत तेच जुन्या अपयशाची उजळणी होईल. त्याच्यापुढे एकही चिन्ह नाही, हेही लक्षात घ्या. समोरासमोर हे वाक्य बोलताना आवाज खाली येतो. त्या क्षणाचा हावभाव म्हणजे स्तब्धता. आणि ती पूर्णविरामानेच व्यक्त होते.

स्वाध्याय

1. वयाने लहान असलेल्या मावसभावाची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाली असून मुलाखत बाकी आहे. त्याला चार वाक्यांचा संदेश लिहा.
2. त्यातील प्रत्येक इमोजी कोणत्या हावभावाच्या जागी आला आहे, ते एकेका वाक्यात सांगा. ज्याचे उत्तर देता येत नाही, तो इमोजी वगळून संदेश पुन्हा वाचा.